स्टेटमेंटमधली एकच ओळ

माझ्या बचत खात्याच्या स्टेटमेंटमध्ये गेली काही वर्षं एक ओळ सारखी भेटते. तारीख, बारा आकडी संदर्भ क्रमांक, त्यानंतर कुठेतरी `UPI LITE` ही अक्षरं आणि नावेच्या रकान्यात एक किंवा दोन हजारांचा सरळ आकडा. दुकानाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. वरच्या ओळीत वीजबिल असतं, खालच्या ओळीत गॅसचा सिलिंडर असतो, तिथे पैसे कुणाला गेले ते लगेच कळतं. या एका ओळीपाशी मात्र नजर अडते, कारण हे पैसे अजून कुणालाच गेलेले नसतात.

मी घरचा जमाखर्च वहीत लिहिते. ही सवय बाबांची. ते एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले आणि त्यांच्या लेखी ज्या खर्चाला नोंद नाही तो खर्च झालाच नाही. यूपीआय आलं तेव्हा आम्हा दोघांनाही हायसं वाटलं होतं. पूर्वी रात्री बसून आठवावं लागायचं, कोथिंबिरीचे किती, रिक्षाचे किती, इस्त्रीवाल्याला सुटे दिले की नाही. आता ते सगळं स्टेटमेंटमध्ये आपोआप उमटू लागलं. दहा रुपयांचा चहासुद्धा तारखेसकट. पासबुक भरून आणलं की पानंच्या पानं भरलेली असायची. छापणाऱ्या मशीनपाशी मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करायचे, पण घरी येऊन वहीशी ताळा घालताना एक रुपयाही निसटत नसे.

मग मी फोनमध्ये लाइट सुरू केलं आणि ती सगळी किरकोळ रांग स्टेटमेंटमधून नाहीशी झाली. चहा, कोथिंबीर, रिक्षा, इस्त्री, सगळ्यांच्या जागी ती एकच ओळ. बाबांनी पासबुकावर बोट ठेवून विचारलं, "हे दोन हजार कुणाला दिलेस?"

"कुणाला नाही बाबा, आपल्यालाच दिले. खात्यातून काढून फोनमधल्या लाइटमध्ये ठेवलेत. तिथून भाजी वगैरे होते."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे पेटी कॅश."

याहून नेमकं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. कार्यालयात किरकोळ खर्चासाठी दोन हजारांचा चेक वटवून कॅशियरच्या पेटीत ठेवतात. बँकेच्या खात्यात त्या चेकची एकच नोंद दिसते. टपाल, चहा, झाडू, हमाली हे सगळं पेटी कॅशच्या वहीत व्हाउचरसकट लिहिलं जातं आणि पेटी रिकामी होत आली की पुन्हा भरतात. बँकेच्या पुस्तकावरून पेटीत किती वेळा पैसे भरले ते कळतं. कशावर गेले ते कळायला पेटीची वही उघडावी लागते.

लाइटमध्ये असंच का होतं, हे समजलं की पुढचा सगळा हिशेब सोपा जातो. साध्या यूपीआयमध्ये आपण पिन टाकला की तो निरोप आपल्या बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीपर्यंत जातो. आपल्या खात्यात शिल्लक आहे का ते पाहिलं जातं, तेवढी रक्कम कमी होते, आणि खात्यात एक नोंद पडते. दहा रुपयांच्या चहालाही एवढी सगळी यातायात. डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की यूपीआयवरचे सुमारे निम्मे व्यवहार २०० रुपयांपर्यंतचेच आहेत. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी पैसे अडकतात, भाजीवाली हातात पिशवी धरून थांबते, आपण फोनकडे बघत थांबतो. त्यामागे बऱ्याचदा हा ताण असतो. म्हणून छोट्या रकमांना मुख्य खात्याच्या वाटेने पाठवायचंच नाही असं ठरलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाइट सुरू झालं.

लाइटमध्ये आपण पैसे भरतो तेव्हाच काय तो पिन लागतो आणि तेव्हाच मुख्य खात्यात नोंद पडते. ते पैसे बँकेतच राहतात, पण आपल्या नावाच्या खात्यात नव्हे. बँकेने सगळ्या लाइट ग्राहकांसाठी ठेवलेल्या एका सामाईक खात्यात ते जातात, आणि त्यातले आपले किती याची सुरक्षित नोंद आपल्या फोनमध्ये राहते. पुढे आपण चहाचे दहा रुपये दिले की ते या वेगळ्या शिलकेतून वजा होतात. पिन नाही, आणि मुख्य खात्याला हातही लागत नाही. स्टेटमेंट छापलं जातं ते मुख्य खात्यातल्या नोंदींवरून. जी नोंद तिथे झालीच नाही ती छापली जाणार कशी? बँक काही लपवत नाही, विसरतही नाही.

लाइटबद्दल 'ऑफलाइन' हा शब्द वापरतात, तोही याच अर्थाने घ्यायचा. बरेच जण समजतात की लाइट म्हणजे नेट नसलं तरी पैसे जाणार. रोजच्या लाइटमध्ये तसं होत नाही. क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवायला फोनला नेट लागतंच. ऑफलाइन राहतं ते आपलं मुख्य खातं. दोन्हीकडे नेट नसतानाही चालणारा प्रकार वेगळा आहे, त्याला लाइट एक्स म्हणतात. तो सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्यासाठी दोन्ही फोनमध्ये एनएफसी असावं लागतं आणि फोन एकमेकांना चिकटवून पैसे द्यावे लागतात. माझ्या रोजच्या वाटेवर तो मी अजून कुणाला वापरताना पाहिलेला नाही.

मर्यादाही वाढत गेल्या. आधी एका वेळी २०० रुपये आणि लाइटमध्ये जास्तीत जास्त २,००० ठेवता यायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये एका वेळची रक्कम ५०० झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एका वेळी १,००० आणि कोणत्याही क्षणी लाइटमध्ये एकूण ५,००० अशी परवानगी मिळाली. २०० रुपयांपर्यंतचा खर्च स्टेटमेंटबाहेर गेला तर फारसं बिघडत नव्हतं, तो खरोखर किरकोळच होता. हजार रुपयांपर्यंत किराणा येतो, औषधं येतात, मुलांची पुस्तकं येतात. हे खर्च पुढे कधीतरी दाखवावे लागतात.

एका जूनचा हिशेब इथे मांडते, कारण नुसत्या सांगण्याने हे डोक्यात बसत नाही. ३१ मेच्या रात्री लाइटमध्ये ३४० रुपये शिल्लक होते. हा आकडा मी वहीत लिहून ठेवला होता. मी वापरते ते ॲप फक्त आत्ताची शिल्लक दाखवतं, मागच्या एखाद्या तारखेला किती होती ते सांगत नाही. म्हणून महिन्याच्या शेवटच्या रात्री ही एक नोंद हाताने करावीच लागते. ती नसेल तर पुढचा ताळा कधीच जुळत नाही.

जूनच्या स्टेटमेंटमध्ये लाइटच्या ओळी अशा होत्या. ३ तारखेला १,००० भरले, १४ तारखेला १,००० भरले, २३ तारखेला २,००० भरले. ३० तारखेला ५०० जमा, म्हणजे लाइटमधून परत खात्यात आलेले. त्या दिवशी आवर्ती ठेवीचा हप्ता जायचा होता आणि खात्यात थोडे कमी पडत होते, म्हणून मी ते काढून घेतले. पूर्वी असे थोडेसे पैसे परत घेता येत नसत, लाइट पूर्ण बंद करूनच सगळी शिल्लक खात्यात आणावी लागे. २०२५ च्या सुरुवातीला एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, लाइट चालू ठेवूनही रक्कम परत खात्यात घेण्याची सोय द्यायला सांगितलं, तेव्हापासून हे जमतं.

३० जूनच्या रात्री लाइटमध्ये ६१५ रुपये होते.

नुसतं स्टेटमेंट पाहणारा म्हणेल, लाइटमध्ये ४,००० गेले, ५०० परत आले, म्हणजे किरकोळ खर्च ३,५०० झाला. पण पेटीत आधीचे ३४० होते आणि महिना संपताना ६१५ उरले. म्हणून ३४० अधिक ४,०००, वजा परत आलेले ५००, वजा उरलेले ६१५. खरा खर्च ३,२२५. स्टेटमेंटवरून दिसणारा आणि प्रत्यक्षातला यात २७५ रुपयांचा फरक आहे, आणि तो फरक म्हणजे महिन्याभरात पेटीत वाढलेली शिल्लक. पुढच्या महिन्यात ती उलटी कमी होऊ शकते. त्यामुळे एखाद्या महिन्यात स्टेटमेंटमध्ये लाइटची एकही ओळ नसली तरी खर्च झालेला असतो. आधीच्या महिन्यात भरलेल्या पैशांवर तो महिना निघालेला असतो.

आता हे ३,२२५ खरंच तेवढेच आहेत का, हे पाहायला ॲपमधला इतिहास उघडला. जूनचे सगळे किरकोळ व्यवहार बेरजेला घेतले तर ३,४६५ आले. २४० जास्त. इथे थांबून एकेक व्यवहार उघडून पाहावा लागतो, कारण इतिहासाच्या यादीत लाइटमधून दिलेले आणि मुख्य खात्यातून दिलेले शेजारी शेजारी असतात आणि वरवर सारखेच दिसतात. व्यवहारावर बोट ठेवलं की आत पैसे कुठून गेले ते लिहिलेलं असतं, लाइट की बँकेचं नाव. १३ तारखेला संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात नळाची तोटी घेतली होती, २४० ची. तेव्हा लाइटमध्ये ११० च उरले होते, त्यामुळे ॲपने पिन मागितला आणि पैसे मुख्य खात्यातून गेले. ही ओळ स्टेटमेंटमध्ये दुकानाच्या नावासकट स्वच्छ दिसत होती. मी ती आधीच खर्चाला धरली होती आणि इतिहासातूनही धरली असती तर एकच तोटी दोनदा घेतली गेली असती. ती काढल्यावर ३,४६५ चे ३,२२५ झाले आणि ताळा जुळला.

पिन मागितला का, हीच खरं तर सगळ्यात सोपी खूण आहे. मागितला तर ओळ स्टेटमेंटमध्ये शोधायची, न मागता पैसे गेले तर ॲपच्या इतिहासात.

त्याच जूनमध्ये आणखी एक ओळ होती, जिने बाबांना पुन्हा कोड्यात टाकलं. २६ तारखेला १८० रुपये जमा, औषधाच्या दुकानाकडून. "यांनी आपल्याला पैसे का दिले?" ते म्हणाले. "आपण तर त्यांना दिलेले कुठेच दिसत नाहीत."

दिले होते, २४ तारखेला, लाइटमधून. डॉक्टरांनी गोळी बदलून दिल्यावर मी न उघडलेली पट्टी परत केली आणि दुकानदाराने पैसे परत पाठवले. लाइटमध्ये पैसे बाहेरून येत नाहीत, फक्त आपण आपल्या खात्यातून भरतो तेवढेच आत जातात. परतावा असो की कुणी पाठवलेले पैसे असोत, ते थेट मुख्य खात्यात जमा होतात. म्हणून खरेदी स्टेटमेंटमध्ये नाही आणि परतावा आहे, अशी अर्धवट जोडी दिसते. हिशेब तपासणाऱ्याला ते १८० रुपये उत्पन्न वाटू शकतात. मी वहीत ते औषधांच्या खर्चातून वजा केले, म्हणजे जूनचा लाइटचा निव्वळ खर्च ३,०४५ झाला.

पैसे घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं की चित्र एकदम बदलतं. आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी त्यांचं पासबुक कधीकधी माझ्याकडे वाचायला देतात. मी त्यांना दिलेले वीस, पस्तीस, पंधरा रुपये माझ्या स्टेटमेंटमध्ये कुठेच नाहीत, पण त्यांच्या पासबुकात प्रत्येक रकमेची स्वतंत्र ओळ आहे, माझ्या नावासकट. मी लाइटमधून दिले की खात्यातून, त्यांच्या बाजूला काहीच फरक पडत नाही. पैसे लगेच त्यांच्या खात्यात जमा होतात. मी माझ्या फोनमधला एक व्यवहार उघडून त्यांच्या पानाशी ताडून पाहिला. बारा आकडी संदर्भ क्रमांक तोच. मावशी म्हणाल्या, "ताई, माझं पुस्तक भरतंय आणि तुमचं रिकामं, असं कसं?" मी त्यांना सांगितलं, मावशी, माझं फोनमध्ये भरतंय.

मावशींचा क्यूआर त्यांच्या स्वतःच्या बचत खात्याचा आहे म्हणून असं दिसतं. औषधाच्या दुकानासारख्या ठिकाणी क्यूआर बहुधा एखाद्या पेमेंट कंपनीचा असतो. ती कंपनी दिवसभराचे पैसे गोळा करून दुकानदाराच्या खात्यात एकरकमी जमा करते. म्हणजे माझे औषधाचे १८० रुपये माझ्या स्टेटमेंटमध्ये नाहीत आणि दुकानदाराच्या बँक स्टेटमेंटमध्येही वेगळे नाहीत, तिथे ते एका मोठ्या आकड्यात मिसळलेले आहेत. त्या व्यवहाराचा पुरावा राहतो तो माझ्या ॲपच्या इतिहासात, त्याच्या ॲपच्या इतिहासात आणि कागदी बिलात. दोन्ही बँकांची स्टेटमेंट समोर ठेवली तरी हा व्यवहार सापडणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे वाद झाला की माणूस पहिल्यांदा स्टेटमेंटच काढतो.

बँकेच्या खिडकीवर हा प्रश्न आला तर काय होतं ते मी पाहिलं आहे. माझ्या ओळखीच्या एका काकूंचे चारशे रुपये लाइटमधून गेले आणि दुकानदार म्हणाला मिळाले नाहीत. त्या शाखेत गेल्या. खिडकीतल्या मुलीने खातं उघडून त्या तारखेचं पान पाहिलं आणि म्हणाली, "आजी, त्या दिवशी तुमच्या खात्यातून काहीच गेलेलं नाही." ती खरंच बोलत होती. तिच्या पडद्यावर काही दिसतच नव्हतं. काकूंना मात्र वाटलं की आपल्याला परतवून लावतायत. अशा वेळी ॲपमध्ये तो व्यवहार उघडून, त्यातला संदर्भ क्रमांक घेऊन, तिथूनच तक्रार नोंदवावी लागते. शाखेत जायचंच असेल तर तोंडी तारीख सांगण्यापेक्षा तो क्रमांक आणि 'लाइट' हा शब्द कागदावर लिहून न्यावा, म्हणजे समोरच्यालाही कळतं की मुख्य खात्यात शोधून उपयोग नाही.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये छोट्या ऑफलाइन व्यवहारांचे नियम केले, त्यात याचा विचार आहे. प्रत्येक व्यवहाराला वेगळा संदेश पाठवायची सक्ती नाही, पण प्रत्येक व्यवहाराचा तपशील ग्राहकाला पुरेसा कळवला गेला पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. माझ्या बँकेकडून त्यासाठी दिवसअखेर एक एसएमएस येतो, त्या दिवशीच्या लाइट व्यवहारांचा. रोज येणारा हा एसएमएस जाहिरातींच्या आणि ओटीपींच्या ढिगात बुडतो, आणि फोनमधली जागा भरली की आपणच जुने संदेश एका झटक्यात पुसून टाकतो. त्यात चहाच्या दहा रुपयांबरोबर औषधांचे नऊशेही पुसले जातात.

मला वाटतं, बँकेने महिन्याच्या स्टेटमेंटच्या शेवटी लाइटचं एक पान जोडावं. आरंभीची शिल्लक, भरलेले, खर्च केलेले, परत आणलेले, अखेरची शिल्लक, आणि खाली व्यवहारांची यादी. मुख्य खात्यावर भार न टाकताही हे शक्य असायला हवं, कारण लाइटच्या शिलकेचा हिशेब बँकेकडेही असतोच. महिन्याला एकदा छापायचा कागद गर्दीच्या वेळी कुणाची वाट अडवत नाही. मर्यादा २०० ची असताना ही मागणी जास्तीची वाटली असती. हजाराच्या मर्यादेला ती रास्त आहे.

तोपर्यंत आमच्या घरी एक नियम केला आहे. ज्या खर्चाबद्दल पुढे कुणी विचारू शकतं, तो पिन टाकून मुख्य खात्यातून करायचा, रक्कम कितीही लहान असो. बाबांची औषधं आणि तपासण्या, कारण विम्याला दाखवाव्या लागतात. मुलीच्या शाळेचे पैसे. भावाच्या घरासाठी आणलेलं सामान, जे नंतर त्याच्याकडून घ्यायचं असतं. कामाच्या निमित्ताने झालेला प्रवास. ॲपमध्ये पैसे देताना लाइट आधीच निवडलेलं येतं, तिथे बोट ठेवून बँक खातं निवडायचं, एवढंच करावं लागतं. भाजी, चहा, रिक्षा, फुलं, इस्त्री हे लाइटमधून. त्याने पासबुक आटोपशीर राहतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. मोठे खर्च आता एका नजरेत दिसतात, पूर्वी ते कोथिंबिरीच्या रांगेत हरवून जायचे.

ॲपने आपोआप पैसे भरण्याची, म्हणजे ऑटो टॉप-अपची सोय मी मुद्दाम घेतलेली नाही. शिल्लक आपण ठरवलेल्या आकड्याखाली गेली की ॲप आपोआप खात्यातून पैसे ओढून पेटी भरतं, आणि त्या वेळी पिन लागत नाही, तो सुरुवातीला परवानगी देतानाच घेतलेला असतो. सोयीचं आहे, गर्दीत उभं असताना शिल्लक संपत नाही. पण हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीने एक गोष्ट जाते. मी स्वतः भरते तेव्हा निदान ती तारीख आणि तो आकडा डोक्यात राहतो. ऑटो टॉप-अपची ओळ अशा दिवशी येते जेव्हा आपण काहीच ठरवून केलेलं नसतं, आणि महिन्याने पाहताना ती अनोळखी वाटते. ज्यांच्या घरी दोन ॲपमध्ये दोन लाइट आहेत त्यांची तर फारच ओढाताण होते, कारण प्रत्येक ॲपची पेटी वेगळी आणि स्टेटमेंटमधल्या ओळी जवळजवळ सारख्या.

पेटी फोनशी बांधलेली आहे, हेही लक्षात ठेवावं लागतं. नवा फोन घेतला तर आकडा त्याच्याबरोबर जात नाही. आधी जुन्या फोनवर लाइट बंद करायचं, म्हणजे शिल्लक खात्यात जमा होते आणि स्टेटमेंटमध्ये तशी ओळ येते, मग नव्या फोनवर पुन्हा सुरू करायचं. फोन बिघडला किंवा हरवला आणि हे करायचं राहून गेलं तर ते पैसे बुडत नाहीत, पण ते परत मिळवायला बँकेकडे किंवा ॲपच्या मदत विभागाकडे जावं लागतं. सहा महिने लाइटमध्ये काहीच हालचाल नसेल तर बँकेने ती शिल्लक मूळ खात्यात परत टाकावी, असंही एनपीसीआयने २०२५ मध्ये ठरवून दिलं आहे. मावशींच्या मुलाच्या खात्यात अशीच एक जमा ओळ दिसली होती. त्याला वाटलं कुणीतरी चुकून पैसे पाठवले. ते त्याच्याच बंद पडलेल्या फोनमधले होते.

फोन चोरीला गेला तर लाइटमधून पैसे द्यायला पिन लागत नाही, ही धास्ती बाबांनी पहिल्या दिवशीच बोलून दाखवली होती. आता लाइट चालू असलेलं ॲप उघडताना बोटाचा ठसा, चेहरा किंवा पासकोड मागितला गेला पाहिजे असा नियम आहे. तरीही मी लाइटमध्ये ५,००० कधीच ठेवत नाही. दोन हजारांवर पंधरा दिवस आरामात निघतात. लाइटच्या शिलकेवर व्याज मिळत नाही, हेही खरं. पण अडीच टक्क्यांनी धरलं तरी वर्षभर ५,००० ठेवल्याचे सव्वाशे रुपये होतात, तेवढ्यासाठी मी हा निर्णय घेतलेला नाही. पेटीत कमी पैसे असले की ती लवकर रिकामी होते, पुन्हा भरावी लागते, आणि भरताना मागचे कुठे गेले हे एकदा डोळ्यांखालून घातलं जातं. ही बाबांच्या कार्यालयातलीच शिस्त आहे. मागची व्हाउचर पाहिल्याशिवाय ते नवा चेक सही करत नसत.

मार्चअखेरीला या सगळ्यातून एक शेवटचा प्रश्न उभा राहिला. ३१ मार्चला बँकेची अखेरची शिल्लक आम्ही वहीत लिहितो. माझ्या फोनमध्ये तेव्हा लाइटचे ७८० होते आणि बाबांच्या फोनमध्ये २६५. हे पैसे आमचे होते, बँकेच्या ताब्यातही होते, पण दोघांच्याही स्टेटमेंटमधल्या अखेरच्या शिलकेत ते धरलेले नव्हते. बँकेत जमा म्हणून लिहावेत तर स्टेटमेंटशी आकडा जुळेना. खर्च म्हणून लिहावेत तर खर्च झालेला नाही. बाबांनी हातशिल्लक या सदराखाली रोख रकमेच्या पुढे एक नवी ओळ आखली, लाइट, आणि तिच्यात दोन्ही फोनचे आकडे वेगवेगळे लिहिले. एप्रिलच्या पहिल्या पानावर तेच दोन आकडे आरंभीची शिल्लक म्हणून उतरवले आहेत.